रेझ्युमेमध्ये सध्याच्या कंपनीचे नाव झाकायचे असेल तर

प्रश्न: मी चाकणच्या एका वाहन-सुटेभाग कंपनीत 2018 पासून प्लांट हेड आहे. नोकरी बदलायची आहे, पण आमच्या एमडींना नुसती कुणकुण लागली तरी माझे तिथले दिवस भरले असे समजा. रेझ्युमेमधून कंपनीचे नाव काढले, तर वाचणाऱ्याला मी एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये आहे असे वाटते. आकडे घातले, तर कंपनी लगेच ओळखू येते. मधला मार्ग कसा काढायचा?

उत्तर:

मी सुरुवातीची काही वर्षे एका कारखान्याच्या एचआर विभागात काढली आणि त्यानंतरची बहुतेक वर्षे पुण्यात याच उद्योगासाठी माणसे शोधण्यात गेली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसते ते ठाऊक आहे. रेझ्युमेला हात लावण्याआधी तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल: नाव नेमके कोणापासून झाकायचे आहे? बहुतेक लोक हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत, आणि त्यामुळे चुकीची जागा झाकून बरोबर जागा उघडी ठेवतात.

रेझ्युमेच्या माथ्यावर तुमचे पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक असेल, तर तो तुमच्याच कंपनीच्या एचआरसमोर आल्यावर कंपनीचे नाव झाकलेले असले काय आणि नसले काय, सारखेच. ते तुम्हाला नावानेच ओळखतात. बाहेरचा माणूसही तुमचे नाव लिंक्डइनवर टाकून अर्ध्या मिनिटात सध्याची कंपनी शोधून काढतो. मग नाव झाकण्याचा उपयोग कुठे होतो? तीन ठिकाणी होतो. पहिले ठिकाण म्हणजे नोकरीच्या पोर्टलचा डेटाबेस. अनेक कंपन्यांचे एचआर विभाग अधूनमधून आपल्याच कंपनीचे नाव शोधचौकटीत टाकून कोणकोण बाहेर पडायच्या विचारात आहे ते पाहतात. मी स्वतः कारखान्यात असताना हे काम माझ्याकडे होते, म्हणून खात्रीने सांगतो. रेझ्युमेच्या मजकुरात कंपनीचे नाव नसेल आणि पोर्टलच्या प्रोफाइलमध्येही ते भरलेले नसेल, तर या शोधात तुम्ही सापडत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे कन्सल्टंटने क्लायंटला पाठवलेले, तुमचे नाव काढलेले प्रोफाइल. याला आमच्याकडे ब्लाइंड प्रोफाइल म्हणतात. तिसरे ठिकाण म्हणजे कागद हातोहात फिरणे. एक रेझ्युमे एचआरच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की त्याचे पुढे किती ग्रुपवर काय होते ते कोणीही सांगू शकत नाही, आणि घाईत वाचणारा माणूस आधी कंपनीचे नाव वाचतो, मग उमेदवाराचे.

याचा सरळ निष्कर्ष असा की तुमच्यासारख्या पदावरील व्यक्तीने रेझ्युमेच्या दोन प्रती ठेवाव्यात. पहिली प्रत पूर्ण निनावी असावी, म्हणजे तिच्यात कंपनीचे नाव नाही, तुमचे नाव नाही, फक्त कन्सल्टंटला ठाऊक असलेला एक संदर्भ. दुसरी प्रत तुमच्या नावाची, कंपनीचे नाव झाकलेली. ती तुम्ही स्वतः, ठरावीक माणसाला, समोरच्या कंपनीचे नाव कळल्यानंतरच द्यायची. पहिली प्रत फिरली तरी चालते. दुसरी फिरता कामा नये. पोर्टलवर मात्र यांपैकी एकही चढवू नये, असे माझे मत आहे; प्लांट हेडच्या जागा पोर्टलवरून क्वचितच भरल्या जातात, आणि जोखीम मात्र तिथे सर्वांत जास्त असते.

आता मूळ अडचणीकडे वळू. नाव काढल्यावर रेझ्युमे पोकळ वाटतो, कारण कंपनीचे नाव एका शब्दात चार गोष्टी सांगत असते: धंदा कोणता, आकार केवढा, मालकी कोणाची आणि पुरवठा साखळीत ती कुठे बसते. नाव काढायचे, तर या चारही गोष्टी शब्दांत लिहून द्याव्या लागतात. लोक नावाच्या जागी ‘एक नामांकित कंपनी’ एवढेच लिहून मोकळे होतात. त्या शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. उलट, सांगण्यासारखे काही नसल्यामुळेच नाव लपवले असावे, अशी शंका येते.

उलट टोकाची चूक माझ्या हातून झाली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मी एका उमेदवाराचे ब्लाइंड प्रोफाइल पाठवले आणि वजन यावे म्हणून त्यात लिहिले की तो या प्रकारच्या भागांचे उत्पादन करणाऱ्या ‘देशातील एकमेव’ कारखान्याचा प्रमुख आहे. क्लायंटकडच्या संचालकाने ते वाचले, ओळखले, आणि त्या कारखान्यातल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला संध्याकाळी सहज फोन केला, ‘तुमचा माणूस हलतोय का?’ म्हणून. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण दुसऱ्या दिवशी उमेदवाराला साहेबांनी बोलावून घेतले. तेव्हापासून ‘एकमेव’, ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ हे तीन शब्द मी अशा कागदावरून आधी खोडतो.

ओळख एखाद्या तपशिलामुळे क्वचितच फुटते. ती तपशिलांच्या बेरजेने फुटते. पत्र्याचे भाग करणाऱ्या कंपन्या पुणे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यात ‘चाकण’ म्हटले की त्या कमी होतात, ‘परदेशी भागीदारी’ म्हटले की आणखी कमी, ‘व्यापारी वाहनांच्या केबिन’ म्हटले की बहुधा एक-दोनच उरतात. यातला प्रत्येक तपशील एकटा असता तर निरुपद्रवी होता. म्हणून मी उमेदवाराला एक साधी गोष्ट करायला लावतो: आपण लिहिलेले वर्णन कागदावर घ्यायचे आणि त्यात बसतील अशा खऱ्या कंपन्यांची नावे त्याखाली लिहायची. सहा-सात नावे सुचली, तर वर्णन चालेल. दोनच सुचली, तर एखादा तपशील काढावा किंवा सैल करावा. हे काम तुमच्यापेक्षा तुमच्याच क्षेत्रातला, पण दुसऱ्या कंपनीत असलेला एखादा विश्वासू मित्र अधिक चांगले करतो. त्याला कंपनीचे नाव ओळखायला सांगा आणि तो कितव्या प्रयत्नात ओळखतो ते पाहा. अर्थात तो मित्र तुमची कंपनी आधीच जाणत असेल, तर मित्राच्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवायला सांगावे लागेल.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ‘आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे आमची उलाढाल कोणाला ठाऊक नाही’ असे उमेदवार सांगतात. पण बँकेचे कर्ज असलेल्या मध्यम आकाराच्या खासगी कंपन्या बहुधा क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्थांकडून पतमानांकन घेतात, आणि त्या मानांकनाचे टिपण संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. त्यात उलाढाल, उत्पादने, कारखान्यांची ठिकाणे आणि कधीकधी मोठ्या ग्राहकांची नावेही असतात. शिवाय कंपन्यांचे ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि शुल्क भरून पाहता येतात. म्हणजे ‘642 कोटी’ असा नेमका आकडा लिहिणे हे जवळजवळ नाव लिहिण्यासारखेच आहे. तो आकडा आणि तुमचे उत्पादन एकत्र गुगलमध्ये टाकून पाहा; काय समोर येते ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

तुमचा रेझ्युमे माझ्यासमोर नाही, पण अशा पदावरचा नेहमीचा मजकूर कसा असतो ते मला पाठ आहे. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन पूर्ण करून दाखवतो. प्रत्यक्षात हे सगळे इंग्रजीत लिहिले जाईल. मी इथे मराठीत मांडतो आहे. मूळ मजकूर असा धरू:

‘अमुक ऑटो प्रायव्हेट लिमिटेड, चाकण. प्लांट हेड, 2018 पासून. 642 कोटी उलाढालीच्या कंपनीतील सर्वांत मोठ्या कारखान्याची जबाबदारी, मनुष्यबळ 1,150. परिसरातील पहिली 2,500 टनी सर्व्हो प्रेस लाइन उभारली. मुख्य ग्राहकाकडून 2023 चा सर्वोत्कृष्ट पुरवठादार पुरस्कार. ग्राहकाकडे सदोष माल जाण्याचे प्रमाण 48 पीपीएमवरून 11 पीपीएमवर आणले. भंगारात वर्षाला 90 लाखांची बचत.’

यातील प्रत्येक वाक्य वेगळ्या तऱ्हेने धोक्याचे आहे. पुरस्कार सर्वांत घातक, कारण पुरस्काराचे फोटो ग्राहक कंपनीच्या आणि तुमच्या कंपनीच्या पानांवर लागलेले असतात, आणि ‘2023, सर्वोत्कृष्ट पुरवठादार, पत्र्याचे भाग’ एवढ्यावर तो शोधता येतो. प्रेस लाइनचेही तसेच. एवढ्या टनेजचे यंत्र कोणी कोणी घेतले ते यंत्र विकणारे, साचे करणारे आणि शेजारचे कारखानदार सगळे जाणतात. उलाढालीबद्दल वर लिहिलेच आहे. पीपीएमचे, म्हणजे दहा लाख भागांमागे किती सदोष निघाले त्याचे, आणि भंगाराचे आकडे बाहेर कोणाला ठाऊक नाहीत, त्यामुळे त्यांनी बाहेरच्याला ओळख पटत नाही. पण तुमच्या कंपनीतल्या माणसाने ते पाहिले, तर त्याला एका नजरेत कळते, कारण महिन्याच्या आढावा बैठकीत तोच तक्ता भिंतीवर असतो. म्हणून निनावी प्रतीत हे आकडे जसेच्या तसे जाऊ नयेत.

नवा मजकूर मी असा करीन:

‘वाहनांचे पत्र्याचे आणि वेल्डिंग केलेले भाग बनवणारी टियर वन कंपनी, पश्चिम महाराष्ट्र. कुटुंबाची मालकी, वार्षिक उलाढाल 500 ते 800 कोटी, चार ते सहा कारखाने. प्लांट हेड, 2018 पासून, थेट व्यवस्थापकीय संचालकांच्या हाताखाली. कंपनीच्या एकूण उत्पादनातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा असलेल्या कारखान्याची पूर्ण जबाबदारी. कंत्राटी धरून हजाराहून अधिक माणसे, तीन पाळ्या, सात विभागप्रमुख हाताखाली. मोठ्या क्षमतेची स्वयंचलित प्रेस लाइन जागा ठरवण्यापासून नियमित उत्पादनापर्यंत उभी केली. भांडवली खर्च दोन आकडी कोटींत, काम ठरल्या मुदतीत पूर्ण. ग्राहकाकडे जाणाऱ्या सदोष मालाचे प्रमाण दोन वर्षांत तीन चतुर्थांशाने कमी करून ते सलग चार तिमाही 15 पीपीएमच्या आत राखले. भंगाराचा खर्च दीड वर्षात सुमारे 30 टक्क्यांनी घटवला. मूळ खर्च वर्षाला दोन ते चार कोटींच्या दरम्यान.’

हे वाचून कारखाना ओळखता येत नाही, पण माणूस केवढ्या खुर्चीवर बसला आहे ते मूळ मजकुरापेक्षा अधिक स्पष्ट होते. याचे कारण असे की मूळ मजकुरात बहुतेक वजन कंपनीचे होते, आणि इथे ते तुमच्या कामाचे आहे: किती विभागप्रमुख, कोणाच्या हाताखाली, किती पाळ्या, किती मुदतीत. मुलाखत घेणारा याच गोष्टी विचारतो. मूळ रेझ्युमेत हे तपशील सहसा नसतात, कारण नावाने काम भागते असे लिहिणाऱ्याला वाटत असते.

यातल्या काही निवडींमागचे कारण सांगतो. उलाढालीची कक्षा 500 ते 800 अशी धरली, म्हणजे 642 साधारण मध्ये येते. काही जण 510 कोटींच्या कंपनीसाठी ‘500 ते 1,000’ लिहितात, किंवा नुसते ‘1,000 कोटींपर्यंत’. मुलाखतीत खरा आकडा निघतो तेव्हा समोरच्याला फसवल्यासारखे वाटते, आणि मग पीपीएमचा आकडाही त्याला फुगवलेला वाटू लागतो. कक्षा अशीच घ्यावी की खरा आकडा तिच्या मध्याजवळ पडेल.

टक्केवारीसोबत नेहमी मूळ आकाराची कल्पना द्यावी. ‘भंगार 30 टक्क्यांनी घटवले’ हे वाक्य एकटे असेल, तर अनुभवी वाचक मनात म्हणतो, कशाच्या तीस टक्के? तीन लाखांच्या की तीन कोटींच्या? म्हणून मी मूळ खर्चाची कक्षा जोडली. वरच्या उदाहरणात मूळ भंगार वर्षाला 2 कोटी 90 लाखांचे होते आणि ते 2 कोटींवर आले असे धरा. तर घट 31 टक्के, बचत 90 लाख. ‘सुमारे 30 टक्के’ आणि ‘दोन ते चार कोटी’ यांतून वाचकाला बचतीचा अंदाज बांधता येतो, पण आढावा बैठकीतला तक्ता त्यातून तयार होत नाही. पीपीएमचेही तेच: 48 वरून 11 म्हणजे 77 टक्के घट, ती ‘तीन चतुर्थांशाने’ झाली, आणि पोहोचलेली पातळी ‘15 च्या आत’ झाली. पीपीएममध्ये नुसती टक्केवारी देऊन चालत नाही, कारण 400 वरून 100 वर येणे आणि 48 वरून 11 वर येणे ही दोन वेगळ्या दर्जाच्या कारखान्यांची कामे आहेत, आणि या धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळते.

पुरस्काराचे काय करायचे? तो सोडवत नाही, हे मी समजू शकतो. निनावी प्रतीत वर्ष आणि पुरस्काराचे नाव न देता ‘प्रमुख ग्राहकाच्या वार्षिक पुरवठादार मूल्यमापनात वरच्या श्रेणीत’ असे लिहिता येते, तेही खरे असेल तरच. ग्राहकांची नावे मात्र काढावीत आणि त्यांच्या जागी ‘दोन प्रवासी वाहन उत्पादक आणि एक व्यापारी वाहन उत्पादक’ असे लिहावे. तुमची कंपनी एका ग्राहकाच्या जोरावर चालत असेल आणि सगळ्यांना ते ठाऊक असेल, तर ‘एक प्रमुख ग्राहक’ हे शब्दही टाळावेत.

इथे गोपनीयतेच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहायला हवे, कारण नाव झाकले म्हणजे वाटेल ते लिहायला मोकळीक मिळाली असे काहींना वाटते. तुमच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचे कलम बहुधा असेलच. ग्राहकाला लावलेला भाव, अजून बाजारात न आलेल्या गाडीच्या प्रकल्पाचे सांकेतिक नाव, त्या गाडीचे ठरलेले उत्पादन, या गोष्टी नावासह आणि नावाविना, दोन्ही प्रतींत नकोत; मुलाखतीतही नकोत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर जाहीर न झालेले आर्थिक आकडे बाहेर देणे हे नेमणूकपत्रापलीकडे सेबीच्या 2015 च्या अंतस्थ व्यवहारविषयक नियमांच्या कक्षेत जाऊ शकते. जाहीर झालेल्या गेल्या आर्थिक वर्षाच्या आधाराने कक्षा लिहिली की हा प्रश्न येत नाही.

मजकूर ठीक झाला की कागद कुठून फुटतो ते पाहू. माझ्याकडे येणाऱ्या ‘गोपनीय’ रेझ्युमेंपैकी पुष्कळ मी फाइल उघडल्या उघडल्या ओळखतो, आणि त्यात मजकुराचा दोष नसतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे आणि कंपनीचे नाव आपोआप बसलेले असते. वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथे जाऊन ते काढता येते. पण ही फाइल ऑफिसच्या यंत्रावर करूच नये, हे अधिक सोपे. घरच्या यंत्रावर नवी कोरी फाइल उघडून त्यात मजकूर टंकावा. जुन्या फाइलची प्रत करून त्यात बदल केले, तर मागोवा घेतलेले बदल आणि शेरे आत राहून जातात.

दुसरी गोष्ट मी इतक्यांदा पाहिली आहे की हसूही येत नाही. लोक पीडीएफमध्ये कंपनीच्या नावावर काळी पट्टी ओढतात, किंवा नाव पांढऱ्या रंगात करतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण खालचा मजकूर तसाच असतो. माउसने निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. पोर्टलची आणि कंपन्यांची रेझ्युमे वाचणारी यंत्रणा रंग पाहत नाही, ती मजकूर उचलते, आणि मग तुमची कंपनी शोधात सरळ सापडते. नाव पुसून, त्या जागी नवे वर्णन टंकूनच पीडीएफ करावी. मग त्या पीडीएफमध्ये कंपनीच्या नावाचा, तिच्या संक्षेपाचा, गटातल्या भगिनी कंपन्यांच्या नावांचा आणि ऑफिसच्या ईमेलमधल्या डोमेनचा शोध घेऊन पाहावा. फाइलच्या नावातही काही राहू देऊ नये. ‘प्लांट हेड, शीट मेटल, 18 वर्षे’ एवढे पुरते.

रेझ्युमेच्या इतर भागांतून होणारी गळती याहून सूक्ष्म असते. प्रशिक्षणांच्या यादीत ‘अमुक समूह नेतृत्व कार्यक्रम’ असतो, कौशल्यांत कंपनीने स्वतः ठेवलेले सुधारणा मोहिमेचे नाव असते, आणि पदनामही कधीकधी फक्त त्याच कंपनीत वापरले जाणारे असते. पदनाम बदलून सर्वांना समजेल असे लिहिले तर चालते, पण ते वर चढवू नये. उपप्रमुखाचे प्रमुख करणे म्हणजे खोटे बोलणे. तारखा मात्र कधीच बदलू नयेत, आणि झाकलेल्या नावाच्या जागी दुसऱ्या खऱ्या किंवा काल्पनिक कंपनीचे नाव तर अजिबात लिहू नये. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यात प्रत्येक नोकरीची आस्थापना आणि रुजू झाल्याची तारीख नोंदलेली असते, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था ती पाहतात. ‘गोपनीय’ लिहिलेले कोणाला खटकत नाही. न जुळणारे नाव सापडले, तर दिलेली ऑफर मागे घेतली जाते.

आधीच्या कंपन्यांची नावे मात्र पूर्ण लिहावीत. ती झाकली तर कागदावरची सगळी विश्वासार्हता जाते, आणि ती उघडी असल्याने सध्याच्या कंपनीबद्दलचे वर्णनही वाचक खरे धरतो. अपवाद एकच: आधीची आणि सध्याची कंपनी एकाच समूहातली असेल, तर दोन्ही झाकाव्या लागतात.

लिंक्डइनचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो याच्याशी जोडलेला आहे. तिथल्या `Open to Work` मध्ये `Recruiters only` हा पर्याय आहे. त्यात फोटोभोवती हिरवी कड दिसत नाही, आणि तुमच्याच कंपनीत रिक्रूटर म्हणून नोंद असलेल्यांना ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करते. पण पूर्ण हमी देत नाही, असे ते स्वतःच सांगतात. तुमच्या कंपनीला माणसे पुरवणारा बाहेरचा कन्सल्टंट त्या गाळणीत अडकत नाही, आणि त्याच्या दृष्टीने तुमची होणारी रिकामी खुर्ची हा पुढचा धंदा असतो. तुमच्या जागी मी असतो तर तो पर्याय बंदच ठेवला असता. पोर्टलवर विशिष्ट कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये अशी सोय असते. ती वापरायची झाली तर समूहातल्या प्रत्येक कंपनीचे नाव वेगळे टाकावे लागते, आणि कन्सल्टंटची पळवाट तिथेही तशीच राहते. लिंक्डइनवरचे सध्याचे पद आणि कंपनीचे नाव मात्र काढू नका. इतकी वर्षे असलेले नाव अचानक गायब झाले, तर तेच सर्वांत मोठी बातमी होते.

कन्सल्टंटशी व्यवहार करताना एक प्रश्न आधी विचारा, आणि तो लेखी विचारा: ‘माझी सध्याची कंपनी किंवा तिच्या समूहातील कंपनी तुमची क्लायंट आहे का?’ हे विचारायला अर्थातच कंपनीचे नाव त्याला सांगावे लागते. म्हणून जो माणूस तुम्ही आधीपासून ओळखता किंवा ज्याचे काम मित्राने पाहिले आहे, त्यालाच ते सांगावे. प्रत्येक वेळी रेझ्युमे पाठवण्यापूर्वी कंपनीचे नाव सांगून माझी परवानगी घ्यावी, ही अटही त्याच ईमेलमध्ये लिहा. जो याला आढेवेढे घेतो, त्याला निनावी प्रतही देऊ नका. आणि ‘पुण्यातील एका अग्रगण्य वाहन-सुटेभाग कंपनीस प्लांट हेड पाहिजे’ अशी कंपनीचे नाव न देणारी जाहिरात दिसली, तर अर्ज करण्याआधी थांबा. ती जाहिरात तुमच्याच कंपनीची, तुमच्याच जागेसाठी असू शकते. माझ्या पाहण्यात असे एकदा घडले आहे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांकडे पाहणे अवघड झाले होते.

नाव कधी उघड करायचे? समोरच्या कंपनीचे नाव कळले, जागा खरी आहे याची खात्री झाली, पगाराची साधारण कक्षा जुळली, आणि प्रत्यक्ष निर्णय घेणाऱ्या माणसाशी पहिली मुलाखत ठरली, त्या टप्प्यावर. त्यापुढे नाव लपवून ठेवणे उद्धटपणाचे वाटते आणि मुलाखतही नीट होत नाही, कारण प्रत्येक उत्तर तुम्हाला अडखळत द्यावे लागते. ईमेल साधा असावा: ‘सध्या मी अमुक कंपनीत आहे. ही माहिती आपण आणि मुलाखत घेणारे यांच्यापुरतीच ठेवावी, आणि माझा राजीनामा स्वीकारला जाईपर्यंत तिथल्या कोणाशीही माझ्याबद्दल संपर्क करू नये, ही विनंती.’ संदर्भासाठी आधीच्या कंपनीतले वरिष्ठ आणि तुमच्या सध्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला एखादा अधिकारी अशी दोन नावे तयार ठेवा. सध्या तिथे काम करणाऱ्या कोणाचेही नाव देऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी.

ऑफर आल्यावर पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म येतो. त्यात सध्याच्या कंपनीचे खरे नाव, खरे पद आणि खऱ्या तारखा लिहाव्याच लागतात. ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क साधावा का’ या ओळीपुढे ‘आत्ता नाही, कार्यमुक्त झाल्यानंतर’ असे लिहावे आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. तपासणी करणारी मुले-मुली नवखी असतात आणि यादीतला पहिला क्रमांक फिरवून मोकळी होतात. म्हणून फॉर्मसोबत नव्या कंपनीच्या एचआर प्रमुखांनाही तेच वाक्य वेगळ्या ईमेलने कळवावे.

ही सगळी पद्धत खासगी क्षेत्रातल्या वरिष्ठ जागांसाठी आहे. तुमच्या हाताखालच्या एखाद्या इंजिनिअरने, पाच वर्षांच्या अनुभवावर, कंपनीचे नाव झाकून रेझ्युमे पाठवला, तर तो बहुधा बाजूला पडेल, कारण त्या पातळीवर निवडणारा माणूस एका रेझ्युमेला फार वेळ देत नाही आणि कंपनीच्या नावावरच पहिली चाळणी लावतो. त्याने नाव लिहावे आणि फक्त कुठे पाठवतो त्यावर लक्ष ठेवावे. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या माणसाला तर दुसऱ्या सरकारी जागेसाठी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन, रीतसर मार्गानेच अर्ज करावा लागतो. तिथे झाकण्यासारखे काही उरत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या कारखान्यांचे प्लांट हेड एकमेकांना ओळखतात, आणि ऑडिटला येणारे ग्राहकांचे इंजिनिअर आठवड्यातून तीन कारखाने फिरतात. त्यामुळे पहिल्या फेरीत रेझ्युमे याच पट्ट्यात पाठवण्यापेक्षा छत्रपती संभाजीनगर, नाशिक किंवा गुजरातमधल्या साणंदकडच्या कंपन्यांना पाठवून पाहा. तिथे ‘पश्चिम महाराष्ट्रातील टियर वन कंपनी’ या शब्दांत बसणारी नावे वाचणाऱ्याच्या मनात अधिक असतात, आणि त्यांपैकी तुमचे कोणते हे ओळखायला त्याला शेजारी बसलेला माणूस मिळत नाही.